पान न उलटणारी पोर

टाचणीआत्या नऊ वर्षांची असताना तिने दाराआडून एक भांडण ऐकलं होतं. आई म्हणत होती, "अहो, पोर अभ्यास करतेय." काकू म्हणत होती, "अभ्यास कसला! तासभर बघतेय, एक पान उलटलं नाही. पुस्तक पुढ्यात धरून काम चुकवते झालं." वडिलांनी काकूचं मानलं. शाळा सुटली ती सुटलीच. खरं काय ते तिला कोणी विचारलं नाही.

पुढे ती कपडे शिवायला शिकली. तोंडात कायम टाचण्या आणि बोलणंही टोचरं, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं. विश्वास काय तो मापपट्टीवर. गिऱ्हाईक म्हणालं, "माझी कंबर अठ्ठावीस," की ही म्हणे, "थांबा, पट्टीला विचारू."

अशा बाईच्या मागच्या खोलीत भावाची मुलगी प्रवेशपरीक्षेच्या तयारीला येऊन राहिली. आली ती एक फोन, तो उभा धरणारी एक तिपाई आणि एक टेबललँप घेऊन. खिडकीपाशी टेबल लावलं, फोन तिपाईवर चढवला आणि रोज चार तास फोनसमोर गप्प बसून वाचू लागली. ते जगाला थेट दिसे. चेहरा नाही, फक्त हात, पुस्तक आणि कोपऱ्यात घड्याळ. पन्नास मिनिटं अभ्यास, दहा मिनिटं सुट्टी.

"आणि हे बघतं कोण?" आत्याने विचारलं.

"आत्ता तीनशे जण आहेत."

"तीनशे माणसांना घरी भांडी नाहीत घासायला?"

"अगं आत्या, तेही आपापलं पुस्तक उघडून बसतात. समोर कोणी बसलेलं असलं की उठवत नाही."

"म्हणजे पहारा."

"पहारा नाही गं, सोबत."

"मग तुला त्याचे पैसे कसे मिळतात? सोबतीचे पैसे घेतात होय!"

पोरगी हसली. तिच्या चॅनलला हजार माणसं जोडली गेली आणि वर्षात चार हजार तास बघणं झालं, म्हणून तिला जाहिराती मिळू लागल्या होत्या. ती त्या फक्त सुरुवातीला ठेवी. मध्येच जाहिरात वाजली तर वाचणारा दचकतो आणि निघून जातो. काही जण दरमहा थोडे देऊन सभासद झाले होते, काही तिने आखलेलं वेळापत्रक विकत घेत. क्लासची फी त्यातून निघे. आत्याला ते पटेना. गप्प बसायचे पैसे मिळत असते, तर तिचा नवरा लखपती होऊन गेला असता.

त्यात एक दिवस शिलाई मशीन बंद होतं, तर बघणाऱ्यांपैकी कोणीतरी चॅनलवर लिहिलं, "आज मागची खडखड नाही का?" आत्याच्या अंगावर काटाच आला. "माझ्या घराला कान लावून बसलेत मेले!"

मग भावाचा फोन आला. "ताई, तिचा फोन चार तास शांत करून ठेवलेला असतो, उचलतच नाही. तूच सांग, अभ्यास खरा आहे की देखावा? तू नाही म्हणालीस तर रविवारी येऊन नेतो. माझ्या दुकानात बसेल."

"उद्या सांगते," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या फोनवर पोरीचं चॅनल लावलं, फोन मशीनला टेकवून ठेवला आणि हातात खडू घेतला. एक पान उलटलं की कापडाच्या काठावर एक रेघ. पन्नास मिनिटं झाली. कापडावर एकही रेघ नव्हती.

"धरली!" आत्या पुटपुटली. सुट्टीचा गजर होताच चहाचं निमित्त करून ती आत गेली.

पोरगी डोकं धरून बसली होती. फोनला न दिसणाऱ्या बाजूला कच्ची वही होती. एकच गणित, सात वेळा मांडलेलं, सात वेळा खोडलेलं. कागद खोडूनखोडून फाटायला आला होता. शिवण सात वेळा उसवली की कापडाचं होतं, तसं.

"हे दाखवत का नाहीस गं त्यांना?"

"चुका कोण दाखवतं, आत्या? उत्तर जमेना की रडू येतं. पण तीनशे जण बसलेत म्हणून उठत नाही."

आत्या वहीकडे बघत राहिली. नऊ वर्षांची असताना, त्या दिवशी, तिचाही भागाकार असाच अडला होता. एवढंच होतं ते.

"चहा पी," ती म्हणाली. "आणि आठव्यांदा मांड."

बाहेर येऊन तिने भावाला फोन लावला.

"काय गं ताई? खरं की खोटं?"

"पन्नास मिनिटांत एक पान उलटलं नाही."

"बघ! मी म्हणतच होतो..."

"म्हणूनच सांगते, अभ्यास खरा आहे. रविवारी येऊ नकोस. आलास तर बेल वाजवू नकोस."

"अगं, पण पान..."

"पट्टी मी लावलीय. तू नको लावूस."

आतून गजर झाला, सुट्टी संपली. आत्याने कापडाचा कोरा काठ झटकला आणि मशीन सुरू केलं. अर्ध्या तासात औषधवाल्याची पँट तयार झाली. ती कागदात गुंडाळून तिने काखेत मारली, "बेल वाजवू नका" लिहिलेला पुठ्ठा रोजच्यासारखा दाराच्या कडीला अडकवला, चपला हातात घेतल्या आणि जिना उतरून गेल्यावरच पायात घातल्या.