नागोरावांचे दोन सूक्ष्मदर्शक

यवतमाळच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायचो तेव्हा प्रयोगशाळा नागोराव सांभाळायचे. शिक्षण चौथी. पण कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून काचपट्टीवर दाबावं तर त्यांनीच. मी दाबलं की काच फुटायची.

त्यांची लेक जया १९६३ साली माझ्याच वर्गात होती. समविभाजन आणि अर्धसूत्री विभाजन या पेशी विभागण्याच्या दोन प्रकारांतला फरक लिहिताना पोरगी घसरली आणि थोडक्या गुणांनी नापास झाली. पुन्हा नापास म्हणजे शिष्यवृत्ती बंद, कॉलेजही बंद. मी तिला पुन्हा उत्तर लिहायला लावलं. डाव्या रकान्यात ‘गुणसूत्रांची संख्या तेवढीच राहते’, आणि त्याच्यासमोर उजवीकडे ‘चार पेशी तयार होतात’! गुणसूत्रांसमोर गुणसूत्रंच नकोत का? मी चिडलो. “नुसती घोकंपट्टी!” जया मान खाली घालून उभी राहिली. नागोराव बाटल्या धूत होते. ते धूतच राहिले.

फेब्रुवारीत कांद्याला फुलांचे गेंद आले. एका संध्याकाळी, सोनेरी उन्हात, नागोरावांनी खिडकीशी दोन सूक्ष्मदर्शक शेजारी मांडले. एकाखाली कांद्याचं मूळ, दुसऱ्याखाली त्याच कांद्याच्या कोवळ्या कळीतले परागकोश.

“एक मुद्दा दोहीकडं पाह्य. मंगच पुढचा,” ते लेकीला म्हणाले.

“विभाजन इथं एकदा,” जया पुटपुटली. उठून दुसऱ्या भिंगाला डोळा लावला. “इथं लागोपाठ दोनदा.” परत पहिल्याशी. “पेशी दोन.” “इथं चार.” “गुणसूत्रं सोळाची सोळाच.” “इथं निम्मी, आठ.” “जोड्या जमत नाहीत.” “इथं जमतात, तुकड्यांची अदलाबदल करतात.” “नव्या पेशी मूळ पेशीसारख्याच.” “इथं वेगवेगळ्या.”

भिंगात गुलाबी धागे तरंगत होते. खोलीला ॲसिटिक ॲसिडचा आंबूस वास होता आणि तो चक्क गोड वाटत होता. पोरगी येरझारा घालत होती, मी दारात खुळ्यासारखा उभा. ऊन सरलं तरी कोणाला हलावंसं वाटेना.

एप्रिलच्या परीक्षेत जया पास झाली. मला इतका आनंद झाला की मी नागोरावांना पेढा भरवला आणि म्हणालो, “अखेर पोरीनं घोकंपट्टी सोडली!”

नागोराव पेढा संपेपर्यंत थांबले. मग हळूच म्हणाले, “सर, राग नोका मानू. आपला फळा लहान. तुम्ही डावा रकाना पुरा लिहिता, पुसायले लावता, मंग उजवा लिहिता. पोराईनं दोन्ही रकाने कधी सोबत पाह्यलेच नाहीत.”

मी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. “हे तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?”

“मागच्या सालापासून. फळा मीच पुसतो ना.”

“मग बोलला का नाहीत?”

“तवा बोललो असतो, त पोरीसाठी बोलतो असं वाटलं असतं. आता बाकीच्या पोराईसाठी सांगतो.”