उलटं बसलेलं वाक्य

बोईसरच्या एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यात मी कागदपत्रं बघते. लेबलं, माहितीपत्रकं, निर्यातीचे कागद. दोन वर्षांपूर्वी आखातातून पहिली ऑर्डर आली आणि ड्रमवर अरबी मजकूर हवा असं ठरलं. भाषांतर बाहेरून पीडीएफमध्ये यायचं. ते कॉपी करून वर्डमध्ये लेबलाच्या चौकटीत टाकणं माझ्याकडे होतं. मला अरबीचं एक अक्षर कळत नाही.

एका ओळीत आमच्या दोन द्रवांची नावं होती, इंग्रजीत: डीसी-४ आणि डीसी-९. पहिलं दुसऱ्यात हळूहळू ओतायचं. उलट केलं की भांड्यातलं सगळं उसळून अंगावर येतं. आमच्या प्लांटमधल्या एकाच्या हातावर त्याचे डाग आहेत.

ओळ पेस्ट केली तेव्हा मला एकच गोष्ट खटकली. पीडीएफमध्ये पूर्णविराम डावीकडे होता, माझ्याकडे उजवीकडे. म्हणून रविवारी प्रिंट घेऊन मी चिंचणीला गेले. तिथे एक चाचा राहतात. त्यांनी पंचवीस वर्षं आखातातल्या बंदरावर कारकुनी केली, अरबी वाचता येतं.

त्यांनी चष्मा लावला आणि उजवीकडून बोट फिरवत वाचलं. मग थांबले.

"बाय, हे उलटं हाय. ह्यात लिवलंय, नऊ नंबर चारमध्ये टाक."

"पण मी तर जसंच्या तसं कॉपी केलंय, चाचा."

"शब्द बरोबर हायत. जागा चुकल्या. आमी उजवीकडून वाचतो. तुमच्या कॉम्प्युटरला वाटतं ओळ डावीकडून सुरू झाली."

खाली तापमान होतं, ते २५-१५ असं दिसत होतं. तेही उलटं झालं असणार म्हणून मी पेन काढलं, तर त्यांनी माझा हात धरला. "ते बरोबर हाय. उजवीकडून पंधरा ते पंचवीसच होतं. त्याला हात लावू नका."

सोमवारी मी शब्द कापले, उचलले, इकडचे तिकडे ठेवले. ओळ पीडीएफसारखी दिसेपर्यंत तेच करत राहिले. पूर्णविरामही ओढून डावीकडे नेला. संध्याकाळी परत चिंचणी. चाचांनी दोनदा वाचलं. "आता ठीक." फाइल मी पालघरच्या प्रिंटरकडे पाठवली. ओके मीच दिला.

आठवड्याने डिस्पॅचच्या शेडमध्ये ड्रम रचलेले दिसले. लेबल माझ्या पानापेक्षा अरुंद होतं आणि ती ओळ दोन ओळींत मोडली होती. मी फोटो काढून चाचांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"सुरुवात खालच्या ओळीत गेली, बाय. आधी शेवट येतो. कोण काय समजेल, सांगता येत नाय."

भाषांतर करणाऱ्या बाईंना फोन लावला. त्या चिडल्या नाहीत, दमलेल्या वाटल्या. "शब्द हलवायचेच नसतात. मूळ मजकूर परत पेस्ट करा आणि परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे करा. वर्डमध्ये बटण आहे. मग ओळ कुठेही मोडली तरी चालतं."

मी तसं केलं. बटण दाबलं आणि सगळं आपोआप जागेवर बसलं. चौकट अरुंद करून पाहिली, तरी ओळ नीट मोडली. मी दिवसभर हातांनी जे रचलं होतं, ते एका बटणाचं काम होतं. आणि माझ्या रचण्यामुळेच ते बिघडलं होतं.

नवीन पान घेऊन साहेबांकडे गेले. ते कंटेनरवाल्याशी फोनवर बोलत होते.

"गाडी चारला निघते. आता नवीन लेबलं कुठून?"

"सर, ओतायचा क्रम चुकू शकतो."

"वर इंग्रजी आहे ना?"

"इंग्रजी वाचता येत नाही त्यांच्यासाठीच तर अरबी टाकलंय."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुम्हीच ओके दिला होता," एवढंच म्हणाले.

चारला गाडी निघाली. मी खरेदीदाराला बरोबर पान मेल केलं, विषयात 'तातडीचे' लिहिलं. उत्तर आलं नाही. परत पाठवलं, पुन्हा नाही. तिथे ते मेल कोण उघडतं, उघडतं का, मला माहीत नाही.

चाचांना सांगायला गेले. अंगणात बोंबील सुकत होते, चाचा ते उलथत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसले.

"मी तिथं बघितलंय. ड्रम उघडणारा माणूस लेबल नीट वाचतो. बोट ठेवून वाचतो. जे लिवलंय तेच करतो."

 आणि ते पुन्हा बोंबलांकडे वळले.

पुढच्या ऑर्डरपासून मी दिशेचं बटण आधी दाबते, प्रिंटरकडचं अंतिम लेबल चाचांना दाखवते. चूक परत झालेली नाही. त्या ड्रमांचं काय झालं, ते मात्र आजवर कुणी कळवलेलं नाही आणि मी विचारायचंही सोडलं आहे.