त्याच्या साडेबाराला, माझ्या दहाला

अमेरिकेतल्या ज्या क्लायंटसाठी मी घरून कंत्राटावर सॉफ्टवेअर लिहायचे, त्यांचा मॅनेजर रोजची मीटिंग स्वतःच्या सकाळी दहाला ठेवी. हिवाळ्यात तेव्हा तंजावरात रात्रीचे साडेआठ. मार्चमध्ये त्यांची घड्याळं तासाने पुढे सरकली, आमची कधीच सरकत नाहीत. मला कुणी कळवलं नाही. मी साडेआठला गेले तर मीटिंग संपलेली. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमच्या लोकांना वेळेचं काही नसतं."

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. असलं ऐकून घ्यायला शिकले नव्हते. त्याच दिवशी कंत्राटाप्रमाणे महिन्याची नोटीस पाठवली.

मग त्यांच्या अकाउंट्सने एक टॅक्स फॉर्म धाडला. शेवटच्या इन्व्हॉइसआधी हा भरा, नाहीतर तीस टक्के कापू. मी तो घेऊन राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आमच्या ऑडिटर मामांकडे गेले.

"हा डब्ल्यू-नाइन. अमेरिकनांचा," मामा म्हणाले. "सही केलीस तर तू त्यांचीच झालीस."

"नको हो मामा. आधीच पुरे झालं."

"मग डब्ल्यू-एट-बेन भर, परदेशी माणसाचा. आणि इन्व्हॉइसवर लिही, सगळं काम भारतात बसून केलं. मग त्यांना कापायला जागा नाही."

तसंच केलं. अकाउंट्सने फॉर्म मान्य केला. पण इन्व्हॉइस मंजूर करायचा होता मॅनेजरने, आणि तो ढकलत राहिला. आधी सगळं काम समजावून हँडओव्हर दे, म्हणे, माझ्या दहाला.

मी कंत्राट पुन्हा वाचलं. कामाच्या वेळा कंत्राटदाराने ठरवायच्या, आणि कामाचे हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावरच त्यांच्याकडे जायचे. दोन्ही कलमं त्यांनीच घातलेली. मी ती उतरवून कळवलं: हँडओव्हर भारताच्या सकाळी दहाला.

आईने इडलीचं ताट पुढे सरकवत विचारलं, "तिकडे तेव्हा काय वाजते गं?"

"रात्रीचे साडेबारा."

"त्याला झोप नको काय?"

"वर्षभर माझ्या जेवणाची वेळ कोणी विचारली, आई?"

"बरं. चटणी घे."

तो स्क्रीनवर आला. केस विस्कटलेले, डोळे लाल. म्हणाला, "पुढच्या वेळी तुझ्या संध्याकाळी घेऊ या का?"

"तेव्हा मी जेवते," मी म्हटलं. "आधी इन्व्हॉइस."

माझ्यासमोर त्याने तो मंजूर केला. काही कापलं नाही. पैसे बँकेत आले की कोडच्या सगळ्या चाव्या, म्हणजे पासवर्ड, पाठवते, असं मी सांगितलं, आणि पुढे पाठवल्याही.

हँडओव्हरचं सगळं मी आधीच लिहून ठेवलं होतं. दहा मिनिटांत उरकलं असतं. मी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, सावकाश, प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून विचारत: समजलं ना? त्याला दर वेळी हो म्हणावं लागलं. मधे त्याने जांभई दाबली, तेव्हा मी मागचं पान पुन्हा वाचलं.