कुलूपवाल्याची करंगळी

“थांबा हो, आधी मला नीट घाबरू द्या.”

डॉक्टरीणबाईंचं हे वाक्य साऱ्या वस्तीला पाठ होतं. कुणी सहीसाठी कागद पुढे सरकवला, की त्या चष्मा काढून पदरानं पुसत आणि हे म्हणत. लोक हसत. बाई हसत नसत. विहिरीत उतरणारा माणूस आधी दोराला दोन हिसके देऊन बघतो, तसं त्यांचं होतं. भीती हाच त्यांचा दोर होता.

म्हाताऱ्या माणसाला मृत्युपत्र करायचं असलं, की वकील त्यांना बोलावत. ‘इसम शुद्धीवर आहे’ एवढी एक ओळ खरडून मोकळे होणारे डॉक्टर पुष्कळ होते. बाईंना ती ओळ लिहितानाच घाम फुटे. मृत्युपत्र करणारा माणूस उद्या राहणार नाही, कोर्टाच्या पिंजऱ्यात मी उभी असेन, आणि कुणीतरी विचारील, “तुम्हाला कसं कळलं?” त्या एका प्रश्नाला भिऊन त्या सगळं तिथल्या तिथं लिहीत. आपला प्रश्न, समोरच्याचं उत्तर, त्याच्याच शब्दांत. घरी जाऊन आठवून लिहिलेलं त्यांना शिळं वाटे.

अशाच एका सकाळी त्या कुलूपवाल्या अण्णांचा जिना चढल्या. खाली अण्णांचं जुनं दुकान होतं, वर घर. दार उघडलं ते अण्णांच्या लेकीनं. तिचे हात ओले होते आणि डोळेही.

“बाई, मी काही केलेलं नाही हो,” ती कुजबुजली. “दादाला सांगून थकले. आता हे घर गेलं तर मी जाऊ कुठं?”

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. “मला यातलं काही सांगू नकोस. तू सांगितलंस, की मी तुझी झाले. मग माझ्या कागदाला कोण विचारतो?”

लेक दारातून बाजूला झाली. नवऱ्याघरून परत आल्यापासून तीच अण्णांचं सगळं करत होती. भाऊ परगावी असे. तो आज आला होता, वकिलाला घेऊन.

“या, या,” भाऊ म्हणाला. “अण्णा अगदी ठणठणीत आहेत. कालची भाजी विसरतील, पण माझ्या लहानपणीचा मार विसरलेले नाहीत. दोन मिनिटांचं काम.”

“दोन मिनिटांत मला घाबरतासुद्धा येत नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही दोघं भावंडं खाली दुकानात बसा. वकीलसाहेब थांबतील.”

“मी मुलगा आहे त्यांचा.”

“म्हणून तर.”

भावाचा चेहरा उतरला, पण तो गेला. बाई अण्णांच्या खोलीशी आल्या आणि बंद दारापाशी थबकल्या. दाराला आतून तीन कड्या होत्या आणि तिन्हींना कुलपं. अण्णा एकेक उघडत होते. किल्ली भोकाशी चाचपडत होती. आतून त्यांचा श्वास ऐकू येत होता, पाठीमागे कुणी लागल्यासारखा.

“एकटीच आहेस ना?” आतून आवाज आला.

“वकील आहेत बरोबर. दुसरं कुणी नाही.”

खोलीत खिडकी बंद होती. अण्णा पलंगाच्या कडेला बसले, पण पाठ भिंतीला लावून. बाईंनी आधी खिडकी उघडली, कानयंत्र नीट बसलंय का पाहिलं, चष्मा पुसून दिला. झोप, ताप, लघवीची जळजळ, नव्या गोळ्या, सगळं विचारलं. साध्या तापानंही म्हाताऱ्या माणसाचं डोकं चार दिवस भलतीकडे जातं, हे त्यांनी पाहिलेलं होतं. तसलं काही नव्हतं. मग त्यांनी कागद मांडीवर घेतला, वर वेळ घातली आणि खोलीत कोण आहे ते लिहिलं.

“आज तारीख काय, अण्णा?”

अण्णांनी चुकीची सांगितली. वकिलानं दचकून बाईंकडे पाहिलं. बाईंनी शांतपणे लिहिलं. विस्मरणाची सुरुवात आहे, असं जुन्या तपासणीत आलेलंच होतं. पण तारीख ठाऊक नसलेला माणूस आपलं घर कुणाला द्यायचं हे जाणत असू शकतो, आणि तारीख चोख सांगणारा ते जाणत नसू शकतो. आज प्रश्न एवढ्याच एका कामाचा होता.

“मृत्युपत्र म्हणजे काय, तुमच्या शब्दांत सांगा.”

“मी गेल्यावर माझं बोलणं. तोवर सगळं माझंच. मनात आलं तर फाडून दुसरं करीन.”

“तुमचं काय काय आहे?”

“हे घर. खालचं दुकान. बँकेत थोडं. आणि हत्यारं, त्यांना आता भंगारवालासुद्धा विचारत नाही.”

“तुमच्यावर हक्क कुणाचा?”

“दोन पोरं. त्यांची आई गेली.”

“आधीचं मृत्युपत्र होतं ना? त्यात काय होतं?”

“दोघांना सारखं. आता नाही. आता सगळं मुलाला.”

वकिलाचा चेहरा खुलला. कुणालाही वाटलं असतं, झालं काम. सगळी उत्तरं सरळ आली, की बाई मात्र जास्त घाबरत.

“का बदललंत?” त्यांनी विचारलं, आणि पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत.

अण्णा दाराकडे पाहत राहिले. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, “ती माझी कुलपं बदलते.”

“कोण?”

“पोरगी. मी झोपलो की येते. माझं कुलूप काढते, तसंच दिसणारं दुसरं लावते. किल्ली तिच्याकडे. एक दिवस उशी घेऊन येईल. म्हणून मी बसून झोपतो.”

बाईंची लेखणी चालत राहिली. आता त्यांची खरी परीक्षा होती. खोट्या समजाचं भूत माणसाच्या मानगुटीवर बसलं असेल आणि तेच लेकीचा वाटा कापत असेल, तर बाकी सगळी उत्तरं सोन्यासारखी असूनही उपयोग नाही. पण भूत आहे असं मी कोण ठरवणार? खरंच कुणी कुलपं बदलत असलं तर? आणि ती नुसती चूक असली, तर चूक माणसाला दाखवली की सुटते. भूत दाखवून सुटत नाही.

“तुम्हाला कसं कळलं, अण्णा?”

हा कोर्टातला प्रश्न होता. आज त्यांनीच विचारला.

अण्णा एकदम ताठ झाले. घाबरलेला म्हातारा गेला आणि कारागीर आला. “माझ्या प्रत्येक कुलपाच्या कडीला आतल्या वळणावर तीन खाचा असतात. बारीक कानशीनं मारलेल्या. डोळ्यांना दिसायच्या नाहीत, अंगठ्याला लागतात. आयुष्यभर अंगठ्यानंच ओळखली मी माझी कुलपं. आता त्या खाचा नाहीत.”

“बघू?”

त्यांनी एक कुलूप पुढे केलं. वकिलानं ते उजेडात धरलं, फोनच्या भिंगातून पाहिलं. कडीच्या आतल्या वळणावर तीन खाचा होत्या, केसाएवढ्या. बाईंनी त्या हातानं चाचपल्या. वकिलानं तोंड उघडलं, तसं बाईंनी त्याला डोळ्यांनी दटावलं.

त्यांचं लक्ष अण्णांच्या हाताकडे गेलं होतं. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा खोल गेला होता, आटलेल्या तळ्यासारखा.

“डोळे मिटा, अण्णा. मी कापूस लावते. लागला की ‘हो’ म्हणा.”

अंगठा. काही नाही. तर्जनी. काही नाही. मधलं बोट. अण्णांच्या कपाळावर घाम आला.

“लावतेस का नुसती बसलीयस?”

करंगळीला कापूस टेकला.

“हो!”

आयुष्यभर कानस घासून मनगटात शीर दाबली गेली होती. बाईंनी तेही लिहिलं, कोणत्या बोटाला कळलं आणि कोणत्या नाही, आणि उरलेल्या तपासणीची चिठ्ठी वेगळी काढली. मग काही न सांगता कुलूप त्यांच्या हातात ठेवलं.

“करंगळीनं बघा.”

अण्णांनी करंगळी कडीच्या आत घातली. हळूच फिरवली. थांबली. मागे आली. पुन्हा गेली.

“तीन,” ते म्हणाले.

दुसरं कुलूप. तीन. तिसरं. तीन. ते कुलूप मांडीवर ठेवून त्यांनी आपल्या अंगठ्याकडे असं पाहिलं, जसं कुणी घरच्याच चोराकडे पाहतं.

“म्हणजे ती येत नव्हती?”

“मी सांगणार नाही. तुम्ही सांगा.”

“नव्हती,” अण्णा म्हणाले. “मीच माझ्या हाताला विचारत बसलो.”

वकील घाईला आला. “मग आत्ताच नवं...”

“थांबा, आधी मला नीट घाबरू द्या,” बाई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज खरंच कापत होता. “आज माझ्या हातानं त्यांचं मन हललंय. ओल्या भिंतीवर मी सही करत नाही.”

त्यांनी शेवटी लिहिलं: आज मत देत नाही. समज पुराव्यानं सुटला, असं दिसतं. तो सुटलेला राहतो का, ते पुन्हा पाहणार. समज तपासण्यासाठी कुलपं मी दाखवली. कुणाला काय द्यावं, यावर मी काही बोलले नाही. खाली सही आणि वेळ.

भावानं जिन्यात त्यांना अडवलं. “बाई, तिनं तुम्हाला फितवलं का?”

“हे कोर्टात विचारा. तेव्हा माझ्याकडे उत्तर लिहिलेलं असेल,” बाई म्हणाल्या. तो बाजूला झाला.

पुढच्या आठवड्यात त्या न कळवता गेल्या, वकिलाला घेऊन. भाऊ अजून परगावी परतला नव्हता; भावंडं पुन्हा खाली. या खेपेला दाराला एकच कुलूप होतं. बाईंनी सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारले, जणू अण्णांना प्रथमच पाहत होत्या. तारीख पुन्हा चुकली. बाकी उत्तरं जागच्या जागी होती.

“रात्री कुणी येतं का?”

“मांजर येतं. त्याला किल्ली लागत नाही.”

“घर कुणाला?”

“घर पोरीला. ती इथं राहते, मला उठवते-बसवते. दुकान आणि बँकेतलं मुलाला. त्याला राग येईल, येऊ दे. त्याला स्वतःचं छप्पर आहे, तिला नाही. दोघंही माझीच.”

“आणि मी म्हटलं, की सगळं मुलालाच द्या?”

“मग तुझी फी देणार नाही.”

बाईंनी तेही लिहून घेतलं. मग आपलं मत मांडलं, आणि प्रत्येक मतापुढे ते अण्णांच्या कोणत्या वाक्यावरून बनलं ते लिहिलं. अण्णांनी वकिलाला सगळं पुन्हा एकदा सांगितलं. साक्षीदार वकिलाच्या कचेरीतले आले, घरचं कुणी नाही. अण्णांनी त्यांच्यासमोर लेखणी करंगळीच्या आधारानं धरली आणि सही केली, वाकडी, पण आपली.

खाली दुकानाच्या पायरीवर लेक बसली होती. ती उठली. “बाई, माझं काय झालं?”

सांगावंसं बाईंच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. “अण्णांनी चहा मागितलाय,” एवढंच बोलल्या. “आणि दार उघडं ठेवलंय.”

त्या रस्त्याला लागल्या, पिशवी छातीशी धरून, मधूनच थांबून आत कागद आहेत ना हे चाचपत. लेक पायरीवरून त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली, त्या पाठीवरून काही वाचता येतंय का म्हणून. वर उघड्या खिडकीत अण्णा उभे होते. बाई कोपऱ्यावर वळेपर्यंत ते पाहत होते, आणि त्यांची करंगळी खिडकीच्या कडीवरून सावकाश फिरत होती.