न विकलेल्या जमिनीचा नफा

शिरोलीच्या एमआयडीसीत दोन भावांनी मिळून ओतकामाची फाउंड्री काढली होती. मी त्यांच्या कंपनीचा ऑडिटर. धाकटा भाऊ माझा कॉलेजातला मित्र. तो अचानक गेला, तेव्हा त्याचे शेअर बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, नावावर झाले आणि दरवर्षीच्या लाभांशावर तिचं घर चालू लागलं.

मग दोन वर्षं कंपनी तोट्यात गेली. तिसऱ्या वर्षी थोडा नफा झाला, तसा थोरला भाऊ शाहूपुरीतल्या माझ्या ऑफिसात आला. संचालकांच्या बैठकीआधी त्याला माझं मत हवं होतं.

"औंदा तुमच्या वहिनीला काहीतरी द्यायलाच पायजे. ताळेबंदात राखीव निधी एवढा मोठा दिसतोय की."

निधी दिसत होता, पण तो जमिनीचा होता. कारखान्याच्या मोकळ्या जागेचं नव्यानं मूल्यांकन झालं होतं, आणि वाढलेली किंमत तिथं लिहिली होती. साठवलेला खरा नफा तोट्यानं केव्हाच खाल्ला होता.

"जमीन विकलेली नाही," मी म्हणालो. "नुसत्या वाढलेल्या किमतीतनं लाभांश वाटता येत नाही. आणि या वर्षीच्या नफ्यातनं आधी मागचा तोटा भरून काढावा लागतो. तो भरून खाली काही उरत नाही."

"घरातल्याच बाईला द्यायचंय. तक्रार कोण करणार हाय?"

"तक्रारीचा प्रश्न नाही. लाभांश कायद्याप्रमाणे आहे का, हे मला अहवालात लिहावंच लागतं. आणि बँकेचं देणं बाकी असताना भांडवलच वाटून टाकल्यासारखं होईल."

त्यानं ताळेबंद मिटून माझ्याकडं सरकवला. मग म्हणाला, "बरं. न्हाय वाटत."

महिन्याभरानं वहिनी आल्या. मुलीला राजारामपुरीत दातांचा दवाखाना घालून द्यायचा होता.

"भावजी, शेअर थोरल्यांना विकून टाकते. ते घेतो म्हणालेत."

"थोडं थांबता येईल का?"

"किती थांबू? पुढच्या वर्षी लाभांश मिळेल असं सांगताय का?"

तसं सांगता येत नव्हतं. जमीन विकायचा विषय तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हता. थोरल्यानं भाव पाडला नाही. त्या दिवशी जो वाजवी होता तो दिला.

दोन वर्षांनी कर्ज फेडण्यासाठी मोकळी जागा विकावी लागली. चांगला भाव आला. तोटा भरून निघाला, कर फेडला, तरी मोठा नफा उरला. आता तो हातात पडलेला नफा होता. लाभांश जाहीर झाला, मी तपासला. त्यात काढायला काही खोट नव्हती. भागधारकांच्या यादीत वहिनी नव्हत्या.

दाढ दुखली म्हणून परवा त्यांच्या मुलीच्या दवाखान्यात गेलो. वहिनी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना सगळं कळलेलं होतं.

"तुम्ही त्या वेळी थोरल्यांना लाभांशासाठी हो म्हणाला असता, तर मी शेअर विकले नसते," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

"नसते विकले," मी म्हणालो.

त्यांनी सरकून मला बसायला जागा करून दिली.