पाचनंतरची अभ्यासिका

प्राचार्यांनी शिक्षक-कर्मचाऱ्यांची सभा बोलावली, तेव्हा विद्यार्थी मंडळाची सचिव म्हणून मलाही निरोप आला. मी शेवटच्या बाकावर बसले. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे एवढ्या सरांसमोर कसं बसायचं हेसुद्धा कळत नव्हतं.

प्राचार्य सर उभे राहिले. "मंजूर पदांचा पगार सरकार देतं. बाकीचं फीवर चालतं. यंदा विनाअनुदानित वर्गांना प्रवेश कमी झाले, शिष्यवृत्तीची रक्कमही अडकली आहे. म्हणून मी एकच प्रश्न विचारत गेलो : कशावाचून शिकवणंच थांबेल?"

त्यात पहिले आले तासिका तत्त्वावरचे शिक्षक. मग प्रयोगशाळेची रसायनं, परीक्षा, वीजबिल. रंगकाम आणि स्नेहसंमेलन पुढच्या वर्षावर गेलं. शेवटी सर म्हणाले, "अभ्यासिका पाचला बंद. संध्याकाळचा शिपाई निवृत्त झाला, बदली माणूस परवडत नाही."

शिवाजी पेठेत आमची एकच खोली, शेजारी तालमीचा गोंगाट. संध्याकाळी घरी पुस्तक उघडणं मला जमत नाही; अभ्यासिकेत येणाऱ्या माझ्या मैत्रिणींचंही तेच.

"आणि फुटबॉलला मात्र नवे बूट?" पुढच्या बाकांवरून कुणीतरी टोमणा मारला.

"ते जिमखाना फीचं आहे," सर म्हणाले. "मुलांनी ज्यासाठी दिलं, त्यालाच लावायचं. तो पैसा दुसरीकडे वळवता येत नाही."

मी उठले. "सर, आम्हाला घरी... म्हणजे, बसायला जागा न्हाय." घाईत घरची भाषा आली.

सर माझ्याकडे वळले. "माहीत आहे, बाळ. पण शिक्षकांचे तास कापले, तर तू अभ्यास कशाचा करणार?"

माझ्या पुढच्या बाकावर मला इतिहास शिकवणाऱ्या मॅडम होत्या. त्यांचे पैसे तासांवरच मिळतात. त्यांनी मान खाली घातली. मी खाली बसले.

तेवढ्यात खेळाचे सर म्हणाले, "आमच्या जिमखान्याचा माणूस सातपर्यंत असतो की! कॅरमच्या खोलीत बसा, पोरींनो. फक्त नाक धरून बसा, बुटांचा वास हाय!" सगळे हसले. प्राचार्यांनी लगेच होकार दिला. खर्च वाढणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाचला अभ्यासिकेला कुलूप लागलं आणि मी कॅरमच्या खोलीत गेले. भिंतीवर बाहेरून चेंडू आदळत होता. फुटबॉलची मुलं आत-बाहेर करत होती, कुणी शिट्टी वाजवत होतं. अभ्यासिकेतल्या माझ्या मैत्रिणींपैकी एकच आली, तीही आठवडाभरच. मुलांच्या गर्दीत बसायला बाकीच्यांना घरून परवानगी नव्हती.

सरांचा हिशेब मला आजही चुकीचा वाटत नाही. तरी ज्यांचे तास वाचले त्या मॅडम वर्गात आल्या, की मला कॅरमच्या खोलीतली मैत्रिणींची रिकामी जागा आठवते, आणि मॅडमकडे सरळ बघवत नाही.