खांब मधोमध कापला जातो

मी उल्हासनगरात कॉम्प्युटर जोडून देतो. पन्नाशी उलटली. एका माणसाला मी त्याचे डोळे खराब झालेत असं सांगितलं, ते खोटं होतं आणि ते खोटं आहे हे मला माहीत होतं. इतकी वर्षं मी कुणाला काही सांगत बसलो नाही, पण हे सांगायचं आहे.

ते काका बदलापूरला, कात्रपमध्ये राहायचे. मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात तीस वर्षं तपासनीस होते. छापलेले पत्रे पट्ट्यावरून पुढे सरकायचे आणि काकांनी नुसत्या नजरेनं ओरखडा पकडायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर त्यांना ट्रक चालवायच्या गेमचं वेड लागलं. स्टिअरिंग, पेडल, सगळं घेतलं. मशीन मी जोडलं.

मॉनिटरच्या खोक्यात डिस्प्लेपोर्टची केबल आली होती. ती मी काढून ड्रॉवरमध्ये टाकली आणि दुकानात पडलेली एचडीएमआय लावून दिली. आमच्या धंद्यात ही सवयच आहे. गिऱ्हाईक एचडीएमआयच मागतं, दुसरी केबल आपल्याकडे उरते आणि कधी कुणाची अडली की कामाला येते. यात चोरी आहे असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

महिन्याभरात काका दुकानात आले.

"अरे, वळण घेतलं की रस्त्याकडेचा खांब मधोमध कापला जातो. वरचा तुकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे. परत जुळतो."

"काका, व्ही-सिंक चालू करा गेममध्ये, चित्र फाटणार नाही."

आठ दिवसांनी परत आले. "खांब जुळला, पण स्टिअरिंग जड झालं. मी फिरवतो आणि ट्रक विचार करून वळतो."

व्ही-सिंकनं ते होतंच, चित्र फाटत नाही पण उशिरा येतं. मग मी दूरवरून त्यांच्या मशीनमध्ये शिरलो आणि ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये व्हेरिएबल रिफ्रेशचा, म्हणजे मॉनिटरला कार्डाच्या वेगानं चालवायचा, पर्याय शोधला. तो तिथे नव्हताच. त्याच क्षणी मला कळलं. त्यांच्या कार्डाला आणि त्या मॉनिटरला हे काम डिस्प्लेपोर्टवरूनच जमतं. त्यांच्या एचडीएमआयवर तो पर्याय दिसणारच नव्हता. केबल माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

मी फोनवर म्हणालो, "काका, मशीन ओके आहे. वयानं होतं असं कधीकधी. एकदा डोळे दाखवून या."

का म्हणालो? समोर शेठ, आमच्या दुकानाचा सिंधी मालक, उभा होता. "क्या हुआ साईं, फिर वही काका?" असं हसत विचारत होता. त्याच्यासमोर केबलचं बोलायचं म्हणजे ड्रॉवर उघडून ठेवून घेतलेल्या केबली दाखवायच्या. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर मला बरं वाटलं असतं.

काका पुढे आलेच नाहीत. फोन आला तो काकूंचा. "ते मशीन परत घेऊन जा. डॉक्टर म्हणतात डोळे चांगले आहेत, तर हे म्हणतात मग डोक्यात काहीतरी असेल. स्कूटर बंद केलीय त्यांनी. भाजी आणायलासुद्धा माझा हात धरून जातात."

रविवारी सकाळी मी ड्रॉवरमधून ती केबल काढली, पिशवीत टाकली आणि कात्रपला गेलो.

काका खुर्चीत बसले होते, मशीनवर चादर घातलेली. "ने," एवढंच म्हणाले.

"नेतो. पण आधी पाच मिनिटं द्या."

मी केबल बदलली. मॉनिटरमागची छोटी कळ दाबून मेनू काढला, त्यात अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक, म्हणजे तीच सोय मॉनिटरच्या बाजूनं, बंद होतं, ते चालू केलं. मग कार्डच्या सेटिंगमध्ये गेलो. आता पर्याय दिसत होता. टिक केलं. मॉनिटर सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा चित्र बदलू शकत होता, म्हणून गेमला एकशे चाळीसची मर्यादा घातली, म्हणजे कार्ड मॉनिटरच्या पुढे पळणार नाही. गेममधलं व्ही-सिंक काढलं.

"काय केलंस?"

"आधी मॉनिटर आपल्या ठेक्यात चित्र काढायचा, आणि कार्ड आपल्या सवडीनं पाठवायचं. अर्धं चित्र काढून झालं की मध्येच दुसरं यायचं. वर जुनं, खाली नवं. आता कार्डाचं चित्र तयार होईपर्यंत मॉनिटर थांबतो."

त्यांनी ट्रक काढला. घाटाचं वळण आलं, खांब आले, गेले. सगळे अखंड. मला वाटलं काका खूश झाले. पण ते तपासनीस होते.

"आता मी तोंड फिरवतो," ते म्हणाले. "तू तुझी टिक काढ किंवा ठेव, मला सांगू नकोस. मी सांगतो."

ते गॅलरीकडे बघत बसले. मी टिक काढली, गेम पुढे आणला, "बघा" म्हणालो. त्यांनी एकच वळण घेतलं. "काढलीस."

परत तोंड फिरवलं. मी टिक केली. "आहे." पुन्हा काहीच बदललं नाही, मुद्दाम. "तशीच आहे, फसवतोस काय?" पुन्हा काढली. "ही काढलीस. मगाशी फाट वर होती, आता खाली आहे." दहा वेळा झालं. एकदाही चुकले नाहीत.

ते माझ्याकडे वळले. "म्हणजे मला दिसत होतं ते खरं होतं."

इथे मला गप्प बसता आलं असतं. केबल बदलली, काम झालं, काका सुखी. पण त्या चेहऱ्यापुढे गप्प बसवेना.

"खरं होतं काका. आणि मला ते तेव्हाच माहीत होतं." मग सगळं सांगितलं. खोक्यातली केबल, ड्रॉवर, शेठ, फोन.

काकांनी ब्रेक दाबला. ट्रक रस्त्याच्या कडेला उभा, इंजिन चालू.

"तीस वर्षं पट्ट्यावर माझी नजर चालली," ते म्हणाले. "डोळे खराब झालेत असं कुणी मॅनेजरनं कधी म्हटलं नाही. तू म्हणालास." मग आवाज चढवून, "जा. आत जाऊन तिला सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल मी समजूत काढतोय."

काकू स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. मी दारात उभा राहून तेच परत सांगितलं. दुसऱ्यांदा ते जास्त अवघड गेलं. त्यांनी लाटणं ठेवलं नाही.

"दीड महिना मी हा माणूस डॉक्टरकडे फिरवतेय," त्या म्हणाल्या. "रात्री उठून मोबाइलचा उजेड पाडून बघायचे, दाराची चौकट सरळ दिसते का. आणि तुझ्याकडे केबल?"

"हो."

"लाज वाटते?"

"वाटते, म्हणून आलो."

"उशिरा वाटली." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. बाहेर काकांनी ट्रकचा हॉर्न वाजवला, लांबलचक, घरातल्या घरात. काकू तव्याकडे बघतच म्हणाल्या, "अहो, शेजारी आहेत!" आणि मग हसू आलं ते पदरानं झाकायला हात मोकळा नव्हता.

"मशीन नेणार होतास ना?" त्यांनी मला विचारलं.

"न्यायचं का?"

"हात धू. दोन पोळ्या जास्त झाल्यात. आणि जेवताना त्यांच्याशी नजर चुकवून बसायचं नाही, सांगून ठेवते."